एकच फुंकर: ज्योत विझते आणि निखारा फुलतो

उदबत्ती पेटवताना तिच्या टोकाशी आधी एक छोटी पिवळी ज्योत उभी राहते. ती ज्योत विझवण्यासाठी काही घरांत फुंकर मारतात, तर देवापुढच्या विस्तवावर तोंडाने फुंकर मारायची नाही असा नेम असलेल्या घरांत उदबत्ती हवेत झटकतात. दोन्ही प्रकारे घडते ते एकच. ज्योत नाहीशी होते आणि त्याच क्षणी उदबत्तीचे टोक आधीपेक्षा अधिक लाल होऊन उजळते. हवेच्या एकाच झोताने एक आग मेली आणि तिच्यापासून जेमतेम एक-दोन मिलिमीटरवर असलेली दुसरी आग फुलली.

चुलीतले निखारे फुंकल्यावर का पेटतात आणि मेणबत्ती फुंकल्यावर का विझते, या जुन्या प्रश्नाचे उत्तर मला उदबत्तीच्या या टोकात सर्वांत स्पष्ट दिसते. हळू फुंकर आग वाढवते आणि जोराची फुंकर ती विझवते, असे उत्तर सहसा दिले जाते. त्यात थोडे तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. फुंकणीतून चुलीत सोडलेली फुंकर वाढदिवसाच्या केकवरच्या फुंकरीपेक्षा पुष्कळदा अधिक जोरदार असते आणि लोहाराचा भाता तर त्याहून कितीतरी जोराने हवा सोडतो, तरीही कोळसे विझत नाहीत. म्हणून फुंकरीच्या जोराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ती कोणत्या आगीवर पडते याला आहे.

मेणबत्तीत नेमके काय जळते?

मेणबत्तीत वात जळते असे वाटते, पण वातीचे काम मुख्यतः मेण वर आणण्याचे आहे. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, वितळलेले मेण वातीच्या धाग्यांमधून वर चढते आणि वर पोहोचल्यावर इतके तापते की त्याची वाफ होते. जळते ती ही वाफ. घन मेण किंवा वितळलेले मेण ज्योतीने पेट घेत नाही, हे मेणबत्तीच्या वाटीत साचलेल्या पातळ मेणाजवळ पेटती काडी नेली तरी दिसून येते. समई आणि निरांजनातही हेच घडते, फक्त मेणाच्या जागी तेल किंवा तूप असते.

वाफ आतून बाहेर पसरत असते आणि हवेतला ऑक्सिजन बाहेरून आत येत असतो. दोघांची गाठ जिथे पडते तिथे एक पातळ थर तयार होतो आणि जळण्याची मुख्य क्रिया त्या थरात होते. ज्योतीचा आतला काळसर भाग जवळजवळ न जळलेल्या वाफेचा असतो. पिवळा भाग काजळीच्या तापून प्रकाशमान झालेल्या सूक्ष्म कणांमुळे दिसतो. तिथले तापमान चौदाशे अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते.

मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या हिवाळ्यात मुलांसाठी दिलेल्या व्याख्यानांत जळणाऱ्या वाफेचा एक पुरावा दाखवला होता, तो आजही कोणालाही करून पाहता येतो. मेणबत्ती विझवली की वातीतून पांढरट धुराची एक रेघ वर चढते. ही रेघ म्हणजे मेणाची वाफ थंड होऊन बनलेले अगदी बारीक थेंब. वातीला स्पर्श न करता त्या रेघेत पेटती काडी धरली तर ज्योत रेघेवरून खाली धावत जाते आणि वात पुन्हा पेटते. आपल्या प्रश्नासाठी हा प्रयोग फार मोलाचा आहे. मेणबत्ती विझल्यानंतरही काही क्षण इंधन वर येतच असते आणि भोवती हवाही भरपूर असते, असे त्यावरून सिद्ध होते. म्हणजे फुंकरीने इंधन संपवले नाही आणि ऑक्सिजनही संपवला नाही. तिने जे काढून नेले ते काडीने परत दिले, आणि काडीने दिली ती उष्णता होती.

ज्योतीत उष्णता साठलेली किती असते?

साधी मेणबत्ती तासाला पाच ते सात ग्रॅम मेण जाळते. एक ग्रॅम मेणातून साधारण ४३ हजार ज्यूल उष्णता मिळते. ज्यूल हे उष्णता मोजण्याचे एकक आहे आणि एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला चार ज्यूलहून थोडी अधिक उष्णता लागते. हा हिशेब मांडला तर मेणबत्तीतून सेकंदाला साधारण साठ ते ऐंशी ज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका पिवळ्या बल्बइतकी. एवढ्या लहान वस्तूच्या मानाने हा आकडा मोठा आहे.

परंतु बाहेर पडणारी उष्णता आणि ज्योतीत त्या क्षणी साठलेली उष्णता या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्योत म्हणजे एक-दोन घन सेंटिमीटर तापलेला वायू. इतक्या तापमानाला वायू अत्यंत विरळ होतो, त्यामुळे त्या सगळ्या ज्योतीचे वजन एका ग्रॅमच्या हजाराव्या भागाइतकेही भरत नाही. त्यात साठलेली उष्णता एका ज्यूलपेक्षाही कमी निघते. ज्योत जिवंत राहते ती आत्ता जळलेल्या वाफेची उष्णता पुढच्या क्षणी येणाऱ्या वाफेला पेटवते म्हणून. ही साखळी एका क्षणापुरती तुटली तरी ती पुन्हा जोडण्याइतकी उष्णता ज्योतीत मागे उरत नाही.

फुंकर साखळी कशी तोडते?

वाफ आणि ऑक्सिजन एकत्र आले की ते त्याच क्षणी जळून मोकळे होतात असे नाही. रेणू तापले पाहिजेत, तुटले पाहिजेत आणि पुन्हा जुळले पाहिजेत, आणि त्यासाठी वेळ लागतो. ज्योतीच्या तापमानाला हा वेळ सेकंदाचा एक-दोन हजारांश भाग इतका असतो. वायू त्या तप्त थरात यापेक्षा जास्त काळ राहिला तर जळतो, कमी काळ राहिला तर न जळता पुढे निघून जातो.

जात्यावर दळताना हेच घडते. मूठ मूठ दाणे वैरले तर प्रत्येक दाणा दोन तळ्यांमध्ये पुरेसा वेळ राहतो आणि पीठ बारीक निघते. ओंजळी भरभरून वैरले तर दाणे पुरते दळले जाण्यापूर्वीच कडेने बाहेर पडतात, आणि जाते तेच, हात तेच असूनही भरड मिळते.

शांत हवेत मेणबत्तीची तापलेली हवा स्वतःच वर चढत असते. तिचा वेग सेकंदाला तीस-चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे तीन सेंटिमीटर उंचीची ज्योत पार करायला वायूला सेकंदाचा दहावा ते तेरावा भाग लागतो. जळण्यासाठी हवा असलेला वेळ त्याच्या मानाने फारच थोडा आहे, म्हणून ज्योत निवांत उभी राहते. आता सेकंदाला चार मीटर वेगाची फुंकर आडवी आली असे समजा. सेंटिमीटरभर रुंदीची ज्योत ती सेकंदाच्या चारशेव्या भागात ओलांडते. ज्योत वातीला जिथे धरून असते तो बुडाचा निळा भाग तर दोन-तीन मिलिमीटरचाच असतो, आणि तिथे वायू सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. जळायला लागणारा वेळ मिळालाच नाही, नवी उष्णता निर्माण झाली नाही, आणि जी थोडीशी होती ती वाहून गेली.

प्रवाहाला लागणारा वेळ आणि रासायनिक क्रियेला लागणारा वेळ यांच्या गुणोत्तराला ज्वलनशास्त्रात डामक्योलर अंक म्हणतात. गेरहार्ड डामक्योलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून तो ओळखला जातो. हा अंक मोठा असेल तर ज्योत टिकते आणि तो एका ठरावीक मर्यादेखाली उतरला की ज्योत विझते. या लेखापुरते हे एवढेच पारिभाषिक नाव लक्षात ठेवले तरी चालेल.

यावरून दुसरी एक गोष्ट उलगडते. मेणबत्तीवर अगदी मंद फुंकर मारली तर ज्योत वाकते, फडफडते, क्षणभर निळसर आणि लहान होते, पण विझत नाही. फुंकर थांबली की ती पुन्हा उभी राहते. जोर हळूहळू वाढवत नेला तर ज्योत एका ठरावीक वेगाला एकाएकी नाहीशी होते. निम्मी विझलेली ज्योत कधी पाहायला मिळत नाही. साखळी एकतर चालू असते किंवा तुटलेली असते.

पण आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो ना?

हा आक्षेप शाळेपासून मनात बसलेला असतो आणि तो अगदीच निराधार नाही. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, तर उच्छ्वासात सुमारे १६ टक्के ऑक्सिजन आणि चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बंद भांड्यात ठेवलेली मेणबत्तीही ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आला की विझते. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की कारण सापडले असे वाटावे.

पण दोन निरीक्षणे या स्पष्टीकरणाला पुरेशी छेद देतात. पहिले असे की सायकलच्या पंपाने, हातपंख्याने किंवा वहीच्या झटक्यानेही मेणबत्ती तितक्याच सहज विझते, आणि त्या हवेत ऑक्सिजन पुरेपूर २१ टक्के असतो. दुसरे निरीक्षण उदबत्तीचे आणि चुलीचे. त्याच उच्छ्वासाने निखारा उजळतो, म्हणजे आग विझवण्याइतका तो निकस नाही. शिवाय ओठांतून निघालेला झोत पुढे जाताना बाजूची ताजी हवा ओढून आपल्यात मिसळत जातो, त्यामुळे वीतभर अंतरावर पोहोचेपर्यंत त्यात उच्छ्वासापेक्षा खोलीतली हवाच अधिक असते. ऑक्सिजनची किंचित कमतरता ज्योत विझायला थोडी मदत करत असेल, पण मुख्य काम वेगाचे आहे.

फुंकर गार असते म्हणून ज्योत विझते, असेही काही जण म्हणतात. चौदाशे अंशांच्या ज्योतीपुढे कोणतीही फुंकर गारच असणार, आणि उष्णता वाहून नेणे हा विझण्याचा भाग आहेच. पण केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवासुद्धा मेणबत्ती विझवते. फुंकर तीस अंशांची आहे की साठ अंशांची याने ज्योतीला फारसा फरक पडत नाही, ती किती वेगाने आली याने पडतो.

निखाऱ्याची आग वेगळी का?

लाकूड तापले की अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे त्यातून जळणारे वायू आणि डांबरी वाफा बाहेर पडू लागतात. चुलीतल्या ज्वाळा या वाफांच्या असतात आणि मेणबत्तीच्या ज्योतीचे सगळे नियम त्यांना लागू पडतात. वाफा निघून गेल्यावर जो कोळसा उरतो तो बहुतांशी कार्बन असतो. कार्बनची वाफ व्हायला हजारो अंशांचे तापमान लागते, त्यामुळे कोळसा वाफ होऊन जळत नाही. ऑक्सिजनलाच त्याच्या पृष्ठभागापर्यंत यावे लागते आणि ज्वलन तिथे, त्या घन पृष्ठभागावर होते. हाच निखारा.

यातून दोन फरक निघतात. पहिला फरक असा की इथे इंधन फुंकरीने उडून जात नाही. मेणबत्तीची वाफ वाऱ्यावर निघून जाऊ शकते, कोळसा जागच्या जागी राहतो. दुसरा फरक साठलेल्या उष्णतेचा आहे. वीस ग्रॅमचा, सातशे अंशांना तापलेला एक निखारा घ्या. त्याच्या अंगात सुमारे पंधरा हजार ज्यूल उष्णता साठलेली असते, म्हणजे मेणबत्तीच्या ज्योतीतल्या साठ्याच्या पंधरा हजार पटींहून अधिक. फुंकरीने त्यातली काही उष्णता नेली तरी पुढचा ऑक्सिजन येऊन जळेपर्यंत पृष्ठभाग तापलेलाच राहतो. साखळी तुटत नाही, कारण तिच्यामागे घन पदार्थाच्या अंगातली उष्णता उभी असते.

मग फुंकरीने निखारा नुसता टिकण्याऐवजी वाढतो कसा? शांत पडलेल्या निखाऱ्याला उष्णतेची चणचण नसते, ऑक्सिजनची असते. त्याच्या पृष्ठभागाला जळून तयार झालेल्या वायूंचा एक स्थिर पापुद्रा चिकटून असतो आणि त्यावर राखेचा थर बसलेला असतो. ऑक्सिजनला या दोन्हींतून झिरपत आत यावे लागते आणि जळण्याचा वेग त्या झिरपण्याच्या वेगावर अडकून राहतो. फुंकर राख उडवते, वायूचा पापुद्रा पातळ करते आणि ताजी हवा पृष्ठभागाजवळ नेऊन ठेवते. ज्वलन वाढते, ज्वलनाने तापमान वाढते आणि वाढलेल्या तापमानाने ज्वलनाचा वेग आणखी वाढतो. डोळ्यांना हे रंगातून कळते. सहाशे-सातशे अंशांना निखारा गडद लाल असतो, नऊशेच्या पुढे केशरी होतो आणि अकराशेच्या आसपास पिवळसर दिसू लागतो. लोहार लोखंडाचा रंग पाहून ते घणाखाली घ्यायचे की नाही हे ठरवतो, ते याच कारणाने.

पूर्वी रात्री चुलीतले निखारे राखेखाली पुरून ठेवत आणि सकाळी राख बाजूला करून, त्यावर गोवरीचा तुकडा ठेवून फुंकत. राखेचा थर ऑक्सिजन अगदी थोडा आत सोडतो, त्यामुळे निखारा हळूहळू खर्ची पडतो. तोच थर उष्णताही बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे निखारा विझत नाही. ज्योतीला जितका ऑक्सिजन लागतो त्याहून कितीतरी कमी ऑक्सिजनवर निखारा धुमसत राहू शकतो, आणि रात्रभर विस्तव जपण्याची ही पद्धत त्यावरच उभी होती.

फुंकणीने चूल पेटते तेव्हा नेमके काय होते?

विझत आलेल्या चुलीत लाकडे काळी पडली आहेत, बुडाशी चार-पाच निखारे आहेत आणि पांढरा धूर निघतो आहे, असे चित्र घेऊ. सराईत हात फुंकणीचे टोक ज्वाळेकडे किंवा धुराकडे धरत नाही, निखाऱ्यांच्या बुडाशी धरतो, आणि फुंकर एकदम न सोडता लांब आणि सारखी सोडतो.

सुरुवातीला राख उडते आणि निखारे केशरी होतात. तापलेले निखारे लाकडाच्या जवळच्या बाजूला उष्णता देऊ लागतात, तशा त्या लाकडातून वाफा जोरात निघतात आणि धूर कमी होण्याऐवजी दाट होतो. नवखा माणूस इथेच थांबतो, कारण त्याला वाटते की आग बिघडली. वास्तविक तो दाट धूर म्हणजे न जळलेले इंधन आहे, मेणबत्तीच्या पांढऱ्या रेघेसारखेच. आणखी काही फुंकरी मारल्या की एखादा निखारा इतका तापतो की त्याच्यालगतची वाफ पेट घेते आणि सगळ्या धुराला भपकन ज्वाळा लागते. त्या क्षणी फुंकर थांबवायची असते. आता काम ज्वाळा करणार आहेत आणि ज्वाळांना जोराची फुंकर मानवत नाही. या वेळी जोराने फुंकत राहिले तर ज्वाळा तुटतात आणि पुन्हा धूर होतो, मात्र खाली तापलेले निखारे असल्याने त्या लगेच परत पेटतात. मेणबत्तीजवळ असे परत पेटवणारे काही नसते.

वातीच्या टोकाशी एक लाल ठिपका काही क्षण उरतो, तो का पेटवत नाही, असे कोणी विचारेल. तो ठिपका निखाराच आहे, पण इतका लहान आणि इतका कमी तापलेला की मेणाची वाफ त्याने पेट घेत नाही. वाढदिवसाला मिळणाऱ्या, विझवल्या तरी पुन्हा पेटणाऱ्या मेणबत्त्यांमध्ये हीच उणीव भरून काढलेली असते. त्यांच्या वातीत मॅग्नेशियमची पूड असते. ती त्या ठिपक्याच्या उष्णतेने पेटून ठिणग्या देते आणि ठिणग्या वर येणारी वाफ पेटवतात.

निखाऱ्यालाही मर्यादा आहेत. चुलीतून एकच छोटा निखारा चिमट्याने बाहेर काढून फरशीवर ठेवला तर तो फुंकला तरी बहुधा काळा पडतो. तापलेली वस्तू किरणांच्या रूपाने उष्णता फेकत असते आणि तापमान वाढते तसे हे प्रमाण फार वेगाने वाढते. सातशे अंशांना दर चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला सुमारे पाच ज्यूल, तर हजार अंशांना सुमारे पंधरा. चुलीत निखारे एकमेकांसमोर असतात, एकाने फेकलेली उष्णता दुसऱ्याला मिळते. एकट्या निखाऱ्याची उष्णता सगळीकडून निघून जाते आणि परत काहीच येत नाही. म्हणून विझू लागलेले निखारे आधी एकत्र सारून घ्यावेत आणि मग फुंकावेत, विखुरलेल्या निखाऱ्यांवर घातलेला दम बहुतेक वाया जातो. ओले लाकूड असेल तर निखाऱ्यांची बरीच उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते आणि कितीही फुंकले तरी धुरापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

मग फुंकरीने ज्योत कधीच वाढत नाही का?

वाढते, पण फुंकर नेमकी असावी लागते. सोनार दागिन्याचा बारीक सांधा जोडताना दिव्याच्या ज्योतीत बाकदार नळीने फुंकत असे, आता बहुतेक ठिकाणी ते काम गॅसवर होते. नळीचे टोक सुईएवढे बारीक आणि दिव्याची वात जाड असते. त्या बारीक झोताने हवा ज्योतीच्या आत मिसळते, काजळी तयार होण्याआधीच वाफ पुरती जळते, पिवळी ज्योत निळी, अणकुचीदार होते आणि तेवढीच उष्णता फार थोड्या जागेत एकवटते. सोने १०६४ अंशांना वितळते, तरी अशा ज्योतीने त्याचे बारीक तुकडे वितळवता येतात. इतक्या वेगाच्या झोतानेही ज्योत विझत नाही, कारण झोत ज्योतीच्या एका भागातूनच जातो आणि बाजूची अबाधित मोठी ज्योत त्याला सतत पेटवत राहते.

वाऱ्याने वणवा का विझत नाही?

डामक्योलर अंकाचा खरा उपयोग इथे दिसतो. प्रवाहाला लागणारा वेळ वाऱ्याच्या वेगाइतकाच आगीच्या आकारावरही अवलंबून असतो. सेंटिमीटरभर ज्योत चार मीटर वेगाच्या फुंकरीने सेकंदाच्या चारशेव्या भागात पार होते. सह्याद्रीच्या उतारावर फेब्रुवारी-मार्चमध्ये लागलेल्या वणव्याची ज्वाळा पाच मीटर रुंद असेल आणि वारा सेकंदाला दहा मीटर वेगाचा असेल, तर तीच ओलांड अर्ध्या सेकंदाची होते. वारा अडीच पट वेगवान असूनही वायूला जळायला दोनशे पट वेळ मिळाला. त्यात भर म्हणजे गवताची खोडे, सुकी झुडपे आणि लाकडे निखारे होऊन खाली पडलेली असतात, ती वाऱ्याने फुलतात, आणि वाकलेली ज्वाळा पुढच्या गवताला आधीच तापवून ठेवते. वणव्यावरून वारा वाहतो तेव्हा तो निखाऱ्यावरच्या फुंकरीचे काम करत असतो.

मोठी ज्वाळा फुंकून विझवायची तर फुंकरही तेवढीच मोठी लागते आणि ती माणसांनी घडवलेली आहे. अल्जेरियाच्या सहारा वाळवंटात गासी तुइल येथील वायूची विहीर नोव्हेंबर १९६१ मध्ये पेटली. रेड अडेअर या अमेरिकन आगशमन तज्ज्ञाने ती एप्रिल १९६२ मध्ये विहिरीच्या तोंडाशी स्फोटके उडवून विझवली. स्फोटाच्या धक्क्याने ज्वाळा इंधनाच्या झोतापासून क्षणभर तोडली गेली. १९९१ मध्ये कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींवर हंगेरीच्या पथकाने रणगाड्याच्या सांगाड्यावर मिग-२१ विमानांची दोन इंजिने बसवून त्यांच्या झोतात पाणी मिसळून मारले. अशा कामात आसपासची तापलेली जमीन आणि लोखंड आधी पाण्याने थंड करावे लागतात. ते लाल राहिले तर मेणबत्तीच्या विझलेल्या वातीला काडी लावावी तसे बाहेर येणारे इंधन पुन्हा पेटते.

घरात याचा अर्थ काय?

फुंकर किंवा वारा ज्योत विझवतो तेव्हा इंधन येणे थांबत नाही, ही गोष्ट स्वयंपाकघरात विसरता येत नाही. मेणबत्तीत हे इंधन काही सेकंदांत आपोआप आटते, कारण वितळण्यासाठी उष्णताच उरत नाही. गॅसच्या शेगडीत मात्र सिलिंडर किंवा नळी पुरवठा चालूच ठेवते. खिडकीतल्या झुळकीने किंवा उतू गेलेल्या दुधाने बर्नर विझला तर त्यातून गॅस तसाच बाहेर पडत राहतो आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. अशा वेळी आधी बटण बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, आणि वास पूर्ण गेल्याखेरीज काडी ओढू नये.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर फुंकणे निरुपयोगी आहे, कारण वीतभर रुंदीच्या ज्वाळेपुढे माणसाची फुंकर अपुरी पडते आणि तापलेल्या तेलातून वाफ निघतच राहते. शेगडी बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे आणि तेल निवेपर्यंत ते उचलू नये. शेकोटीच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते. ज्वाळा नाहीशा झाल्या तरी राखेखालचे निखारे कित्येक तास जिवंत राहतात आणि रात्री सुटलेला वारा त्यांना फुलवतो. म्हणून जागा सोडण्यापूर्वी निखारे काठीने पसरून, पाणी ओतून, राख ढवळून पुन्हा पाणी ओतावे, आणि राखेच्या जवळ हाताचा पंजा उलटा धरून ऊब लागते का ते पाहावे.